पीळ सुटला, हेच मी आधी म्हणालो

ठाण्यातील एका रुग्णालयात मी पोटविकारतज्ज्ञ आहे. गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातून ८१ वर्षांचे एक आजोबा आमच्याकडे आले. कंपवातामुळे त्यांचे हिंडणे-फिरणे जवळजवळ थांबले होते आणि बद्धकोष्ठता तर कित्येक वर्षांची होती. आदल्या दुपारपासून पोट फुगत गेले, शौच आणि वायू दोन्ही बंद झाले, तरी एका दवाखान्यातून ‘गॅस’ म्हणून इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवले गेले. तेथे साधा एक्स-रे काढला असता तर रात्रभराच्या यातना वाचल्या असत्या, याची मला अजून चीड येते.

आमच्या एक्स-रेवर कॉफीच्या बीच्या आकाराचे, प्रचंड फुगलेले आतडे ओटीपोटातून बरगड्यांपर्यंत पोहोचलेले दिसले. मळ साचून साचून सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचे शेवटचे वळण, लांबत जाते. पण त्याची दोन्ही टोके मुळाशी एकमेकांजवळ बांधलेली असल्याने ते स्वतःभोवती फिरून त्याला पीळ बसू शकतो, आणि इथे तेच झाले होते. ताप नव्हता, दाबलेला हात सोडल्यावर पोटात कळ येत नव्हती, सीटी स्कॅनमध्येही आतडे जिवंत वाटत होते. म्हणून आधी शौचाच्या वाटेने दुर्बीण घालून पीळ सोडवायचे ठरले.

त्यांना डाव्या कुशीवर घेतले. आधीच ताणलेल्या आतड्यात हवा भरणे धोक्याचे, म्हणून ती नाममात्र ठेवली. साधारण २५ सेंटिमीटरवर अस्तराच्या घड्या पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या एका बिंदूकडे वळलेल्या दिसल्या. जोर न लावता दुर्बीण हलके हलके फिरवत त्या बिंदूतून पुढे सरकवली, आणि वायू व पातळ मळ इतक्या वेगाने बाहेर आले की पोट डोळ्यांदेखत बसले. आतले अस्तर गुलाबी होते. पुन्हा पीळ बसू नये म्हणून आत नळी ठेवली आणि बाहेर येऊन मुलाला म्हणालो, “पीळ सुटला.”

त्यानंतर मी त्याला सांगितले की लांबलेले आतडे तसेच असल्याने निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास पुन्हा होऊ शकतो, म्हणून याच मुक्कामात तो भाग काढलेला बरा. तो म्हणाला, “डॉक्टर, पोट तर सपाट झालं. या वयात बाबांना कशाला कापायचं?” त्याची भीती निराधार नव्हती, अशा अशक्त शरीराला नियोजित शस्त्रक्रियाही जड जाते. मीही फार आग्रह धरला नाही. तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि ते घरी गेले.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ते परत आले. या वेळी पिळाजवळचे अस्तर काळेनिळे होते. मेलेले आतडे उलगडले तर ते फुटू शकते आणि त्यातले विष रक्तात पसरते, म्हणून पीळ तसाच ठेवून मी दुर्बीण मागे घेतली. सर्जनने तातडीने तो भाग काढला आणि शौचाचा मार्ग पोटावर आणून पिशवी लावली. आजोबा वाचले. घरी जाताना मुलाने विचारले, “तेव्हाच केलं असतं तर पिशवी लागली नसती ना?” मी म्हणालो, “बहुधा नसती.”

आता दुर्बीण आत घालण्यापूर्वीच मी नातेवाइकांना एक्स-रेसमोर उभे करतो आणि त्या लांबलेल्या वेटोळ्यावर बोट ठेवून सांगतो की पीळ सुटला तरी हे आतडे असेच राहणार आहे.