लोणारचं पाणी, ४०८ चौकोन आणि एक झेरॉक्स

भूगोलाच्या प्रात्यक्षिक वहीवर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं : "क्षेत्रफळ कमी येतंय. पुन्हा मोजा." का कमी येतंय, कुठे चुकलंय, यावर अक्षर नाही. त्या एका ओळीने माझे आठ दिवस खाल्ले, म्हणून हे लिहितेय.

काम साधं होतं. १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशावरून लोणार सरोवराच्या पाण्याचं क्षेत्रफळ काढायचं. पाण्याची कड ट्रेसिंग पेपरवर उतरवली, तो मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठेवला आणि चौकोन मोजले. या प्रमाणावर १ मिमी म्हणजे जमिनीवर ५० मीटर, म्हणजे एक बारका चौकोन २,५०० चौरस मीटरचा, पाव हेक्टर. (इथे घाईत नुसतं ५० ने गुणू नका. माझ्या शेजारणीने गुणलं, तिचं लोणार क्रिकेटच्या मैदानाएवढं झालं.)

पूर्ण चौकोन ३६३ भरले. कडेने कापले गेलेले ९०, ते अर्धे धरून ४५. एकूण ४०८. पाव हेक्टरने १०२ हेक्टर, म्हणजे १.०२ चौरस किलोमीटर. वहीत सुबक लिहून दिलं आणि ती लाल ओळ परत आली.

मला वाटलं, घोळ कडेच्या चौकोनांत आहे. दुसरीकडे कुठे असणार? मग निम्म्याहून जास्त भरलेला तो १, कमी भरलेला तो शून्य, असं करून पाहिलं. ४११ आले. ट्रेसिंग थोडं तिरकं करून पुन्हा मोजलं, ४०५ आले. रात्री साडेअकराला आई दारात येऊन म्हणाली, "अगं, ते तळं आटेल आता, झोप." मी मात्र खूश होते. तीनदा मोजून तीन-चार चौकोनांचाच फरक, म्हणजे माझी मोजणी पक्की! वही तशीच पुन्हा नेऊन दिली आणि तशीच परत आली.

मोजणी पक्कीच होती, हे मला नंतर कळलं. तिरकं ठेवून, सरकवून पुन्हा मोजलं की फक्त कडेच्या चौकोनांचा अंदाज किती डळमळतो ते कळतं. कागदच खोटा असेल तर दहादा मोजा, तेच खोटं उत्तर दहादा येणार.

आणि कागद खोटा होता. विभागातला मूळ नकाशा घरी देत नाहीत, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स आणली होती. नकाशाचा तुकडा कागदात बसेना, तेव्हा दुकानदाराने न विचारता तो जरासा लहान केला. डोळ्यांना काही कळत नाही. खाली १:५०,००० अजून छापलेलंच असतं, पण आता ते खरं नसतं. सरांना तिसऱ्यांदा गाठलं तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "रेषाप्रमाण मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. नकाशाखाली किलोमीटरचे भाग पाडून काढलेल्या त्या रेषेला पट्टी लावली तर १ किलोमीटरचा भाग २० मिमी भरायला हवा, तो १९ भरला. १:५०,००० हे संख्याप्रमाण झेरॉक्समध्ये मरतं, रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबर आक्रसतं, म्हणून टिकतं. हे मी बारावीत पाठ केलं होतं! हेच वाक्य सरांनी लाल पेनाने लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग १,००० भागिले १९, म्हणजे १ मिमीला सुमारे ५२.६ मीटर. चौकोन २,५०० चा नाही, सुमारे २,७७० चौरस मीटरचा. ४०८ ने गुणून ११३ हेक्टर, १.१३ चौरस किलोमीटर. लांबीत फक्त पाच टक्के गेले होते, पण क्षेत्रफळ लांबी आणि रुंदी दोन्हींकडून मार खातं, म्हणून जवळजवळ दहा टक्के गेले. पडताळा म्हणून, लोणारचं पाणी साधारण गोल आहे आणि व्यास सुमारे १.२ किलोमीटर. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळही १.१३ येतं. हे मी पहिल्याच रात्री करून पाहिलं असतं तर झोप तरी मिळाली असती.

झेरॉक्स काढताना नकाशाच्या कडेला आलेख कागदाचा एक तुकडा ठेवून द्या, हे राहिलंच सांगायचं. आडवं आणि उभं दोन्ही आक्रसणं त्यावर लगेच मोजता येतं. दोन्ही वेगळं असलं तर चौकोनाच्या दोन बाजू वेगवेगळ्या काढून गुणायच्या. आणि नकाशावरच्या १ किलोमीटरच्या जाळीने हे तळं मोजायला जाऊ नका. एवढ्या मोठ्या चौकोनांत सगळंच 'कडेचं' होतं, अर्धं धरायचं तरी कशाचं?

पाऊस कमी-जास्त झाला की लोणारचं पाणी वरखाली होतं. त्यामुळे वहीत १.१३ च्या पुढे मी नकाशाच्या सर्वेक्षणाचं वर्षही लिहिलं. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली. शेरा या वेळीही नाही.