वहीत नसलेला रकाना

आमच्या थॅलेसेमिया डे-केअरला मंगळवारी अकरा खाटा आणि दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारी पंधरा-सोळा मुलं असतात. सकाळी आठला नमुने घ्यायचे, ते ब्लड बँकेत क्रॉसमॅचला जायचे आणि पिशव्या येईपर्यंत साडेदहा-अकरा व्हायचे. मधला वेळ मुलं मोबाइल बघतात, आया एकमेकींना डबे दाखवतात. त्या मंगळवारी मात्र तीन नंबरच्या खाटेवरची आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. नवीन रेसिडेंट डॉक्टर नुकतेच तिच्यावर ओरडून गेले होते.

तिचा मुलगा साडेसात वर्षांचा. त्याला इथे छोटू म्हणते. रक्त चढवण्याआधीचं त्याचं हिमोग्लोबिन ७.८ आलं होतं. आम्हाला ते साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान हवं असतं. फेरिटिन २,६०० होतं, म्हणजे सतत चढवलेल्या रक्तामुळे अंगात साठलेलं लोहही वाढत चाललेलं. डॉक्टरांनी दोन निष्कर्ष काढले. पहिला, प्लीहा रक्त खातेय, तेव्हा सोनोग्राफी करा आणि सर्जनला दाखवा. दुसरा, आई लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्या देत नाही.

"सिस्टर, गोळी चुकवत नाही हो मी," ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढून माझ्या हातात ठेवली.

फुलस्केप वही, तपकिरी कव्हर, वर प्लास्टिक. छोटू पाच वर्षांचा असताना आमच्याकडे आला तेव्हा मीच तिला ती घालायला लावली होती. आमचे केसपेपर दरवर्षी नवे निघतात, रेसिडेंट बदलत राहतात, जुना कागद हवा म्हटलं की रेकॉर्ड रूममध्ये शोधाशोध सुरू होते. वही तेवढी आईबरोबर राहते. डाव्या पानावर तारीख, रक्ताआधीचं एचबी, पिशवीचा नंबर, पिशवीवर छापलेले मिली आणि पुढची तारीख. उजव्या पानावर गोळ्यांचं कॅलेंडर. दिली की बरोबरची खूण, राहिली की गोल, आणि गोलाजवळ कारण: 'ताप', 'उलटी', 'मेडिकलमध्ये नव्हती'. शेवटच्या तीन महिन्यांतले गोल मोजले. सात निघाले. नव्वद दिवसांत सात, त्यातले चार तापाचे आणि उलट्यांचे, आणि आजारपणात गोळी थांबवा असं आम्हीच सांगितलेलं.

आता खुणा खोट्याही असू शकतात, हे मी नाकारत नाही. म्हणून विचारलं, गोळी देतेस कशी? म्हणाली, सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्यात विरघळवते, खडूसारखं गढूळ होतं, तळाशी राहिलेलं परत थोडं पाणी घालून पाजते, मग अर्ध्या तासानं चहा-पोळी. तळाचा गाळ परत पाजायचा असतो हे रोज देणाऱ्यालाच माहीत असतं.

मग डावं पान. दोन वर्षांपूर्वी ९.८, ९.६, १०. पुढे ९.३, ९.१, ८.८, ८.४ आणि आज ७.८. मी आधी एकदम पडलेली पायरी शोधत होते. रक्तातून आलेल्या पेशींविरुद्ध शरीरात अँटिबॉडी तयार झाली, तर बहुधा एखाद्या ठरावीक पिशवीनंतर आठ-दहा दिवसांतच एचबी कोसळतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. इथे तशी पायरी नव्हती. दोन वर्षं हळूहळू उतरत आलेला उतार होता. प्लीहा वाढली तरी असाच उतार दिसतो, त्यामुळे डॉक्टरांची शंका अगदीच चूक नव्हती. पण प्लीहा रक्त खात असेल, तर किलोमागे लागणारं रक्त वर्षागणिक वाढायला हवं. ते वहीतून काढता येतं.

पहिल्या वर्षाच्या मिलींची बेरीज केली. १७ पिशव्या, ३,७४० मिली. गेल्या वर्षाची केली. पुन्हा १७ पिशव्या, ३,७५०. केसपेपरवर वजन १५ किलो होतं. भागाकार केला तर दोन्ही वर्षी किलोमागे जवळजवळ २५० मिली. पिशवीत पेशी साठ टक्क्यांच्या आसपास धरल्या तर शुद्ध पेशी १५०. प्लीहेची शंका घ्यायला हा आकडा २०० च्या वर हवा. म्हणजे रक्त तेवढंच, वजन तेवढंच, तरी एचबी खाली. गणित बसेना.

आणि मग मी छोटूकडे पाहिलं. तो खाटेवरून पाय खाली सोडून बसला होता आणि पाय जमिनीला टेकत होते. पहिल्या वर्षी त्याला उचलून खाटेवर ठेवावं लागायचं.

आमचा वजनकाटा कोपऱ्यात, त्यावर सलाइनचे खोके. खोके उतरवले, छोटूला चपला काढून उभं केलं. २१ किलो.

अडीच वर्षांत मूल सहा किलोंनी वाढलं होतं आणि प्रत्येक नव्या डॉक्टरनं मागच्या कागदावरून १५ उतरवून घेतलं होतं. त्यावर सही करून पिशवी लावणारी मी. वहीत वजनाचा रकाना नव्हता, कारण रकाने मीच आखले होते.

आता ३,७५० ला २१ नं भागलं तर १७९ येतात. आधी २५० मिळायचे, आता १७९. रक्त कोणी खात नव्हतं, आम्हीच कमी देत होतो. गोळीचंही तेच. रोजचे ४०० मिलिग्रॅम १५ किलोला किलोमागे २७ पडत होते, २१ किलोला १९. त्यात एचबी कमी राहिलं की आतडं अन्नातलं लोह जास्त ओढतं, म्हणजे दोन्हीकडून मार.

वही घेऊन मी मोठ्या मॅडमकडे गेले. त्यांनी भागाकार स्वतः एकदा करून पाहिला, पोट तपासलं. प्लीहा बरगडीखाली दोन बोटं, मागच्या नोंदीइतकीच. "या आकड्यानं प्लीहेवरची शंका पूर्ण सुटत नाही हं," त्या म्हणाल्या. "आधी पूर्ण रक्त देऊन बघू. तरी एचबी टिकलं नाही तर सोनोग्राफी. आणि अँटिबॉडी स्क्रीन आजच पाठव." ती निगेटिव्ह आली.

किलोला १५ मिली धरून ३१५ मिली ठरलं. दर पंधरा दिवसांनी एकेक पिशवी हाही मार्ग होता, पण आई शिवणकामाची मजुरी बुडवून एसटीनं येते. म्हणून एकवीस दिवसांचं अंतर तसंच ठेवून ब्लड बँकेकडून एक पूर्ण आणि एक छोटी पिशवी मागवली. त्या दिवशी घरी जायला संध्याकाळचे सहा वाजले, कारण इतकं रक्त घाईनं सोडता येत नाही. क्रिएटिनिन आणि लिव्हरचा रिपोर्ट बरा आल्यावर गोळी ६०० वर नेली आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा केलं. या औषधाचा डोस वाढवला की मूत्रपिंडावर नजर ठेवावीच लागते.

रेसिडेंट डॉक्टर दुपारी खाटेपाशी आले. वही दोनदा उलटसुलट पाहिली आणि आईला म्हणाले, "ताई, गोळ्यांचं मी चुकीचं बोललो." तिनं नुसती मान हलवली.

त्यानंतरच्या तीन खेपांना एचबी ८.७, ९.३ आणि ९.६ आलं. सोनोग्राफी अजून केलेली नाही. फेरिटिन तीन महिन्यांनी २,४५०, म्हणजे फार हललेलं नाही. ते इतक्यात उतरतही नाही, आणि त्या आठवड्यात त्याला सर्दी-ताप होता, तापात हा आकडा तसाही वर जातो. आईनं आकड्याशेजारी 'ताप' लिहून ठेवलंय.

वहीत तारखेनंतर आता वजनाचा रकाना आहे. जुन्या पानांवर जागा नव्हती, म्हणून तिनं समासात पेन्सिलीनं रेघ मारून घेतलीय. मागच्या खेपेचं वजन, २१.४.