कॅलेंडरवरच्या रेघा

"मॅडम, ज्याला निबंध झकास लिहिता येतो त्यालाच शिष्यवृत्ती मिळत असणार ना? त्यातून तुम्ही तर मराठीच्या शिक्षिका!"

असं मला विचारतात. पहिल्या वर्षी माझ्या हातून तसंच झालं. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायला मी होकार दिला, सदाशिव पेठेतल्या घरी गठ्ठा आणला आणि सवयीनं लाल पेन उघडलं. बत्तीस वर्षांची सवय ती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की हात आपोआप चालतो. निबंधाला एकूण दहा गुण, ठोक द्यायचे. कशाचे ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या गठ्ठ्यातले दोन निबंध नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाला जाऊ इच्छिणाऱ्यांचे होते. पहिला एका मुलाचा. 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' अशी सुरुवात, मग फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा, 'परिस्थितीच्या वादळातही मी आशेची पणती विझू दिली नाही', शेवटी सुबक समारोप. मी नऊ दिले. दुसरा बिबवेवाडीच्या उतारावरच्या वस्तीतल्या मुलीचा. वडील मार्केट यार्डात हमाल, आई घरोघरी पोळ्या करणारी. दीड पान, परिच्छेद नाही, 'आजि' आणि 'दवाखाण्यात'. चार गुण दिले. तेही दया आली म्हणून.

दुसरे परीक्षक बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी नेमकं उलट केलं होतं, मुलाला चार आणि मुलीला आठ. ट्रस्टनं सरासरी काढून विषय मिटवला असता, पण काका अडून बसले. म्हणाले, "कर्जाच्या अर्जावर आम्ही अक्षर बघत नाही हो मॅडम, पैसा कुठे गेला ते बघतो. या मुलानं नेमकं काय केलंय ते मला एका कागदावर लिहून द्या बरं."

लिहायला बसले तर दोन ओळी झाल्या: वडिलांचं दुकान बंद पडलं. सुट्टीत मेडिकलमध्ये काम केलं. बाकी पणती आणि वादळ.

मुलीचा कागद मात्र भरत गेला. अकरावीत असताना आजी अंथरुणाला खिळली. आई सहाला कामावर जायची, म्हणून हिनं आठवड्यातून तीन दिवस सकाळचं कॉलेज बुडवलं. आजीच्या पाठीला जखमा झाल्या. दवाखान्यातल्या सिस्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवलं. ती कूस बदलली की कॅलेंडरच्या चौकटीत रेघ मारायची. बारावीत काकू राहायला आली, तेव्हा कॉलेज परत सुरू झालं. जीएनएम तीन वर्षांचं, मग नोकरी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं. त्या सिस्टरांनी तसंच केलं होतं. अर्जाला जोडलेल्या गुणपत्रिका काढल्या: दहावीला 74 टक्के, अकरावीला 58, बारावीला 69. जिथे तिनं सांगितलं तिथेच खड्डा, आणि जिथे सांगितलं तिथेच तो भरलेला. हे मी पहिल्यांदा वाचताना पाहिलंच नव्हतं. मी 'दवाखाण्यात' पाहत होते.

तेव्हापासून आम्ही आधी कच्चा कागद करतो. निबंध वाचायचा, त्यातल्या फक्त घडलेल्या गोष्टी आपल्या साध्या वाक्यांत उतरवायच्या, निबंध पालथा ठेवायचा आणि गुण त्या कागदावरून द्यायचे. परिस्थिती, ध्येय आणि पुरावा यांना प्रत्येकी चार, एकूण बारा. भाषेला शून्य. वाक्य कळलं नाही तर गुण कापायचे नाहीत, फोन करून विचारायचं.

परिस्थितीच्या चार गुणांवर आमचा सगळ्यात जास्त वाद झाला. दुःख मोठं म्हणून गुण द्यायचे नाहीत. नाहीतर ज्याच्या घरी मृत्यू झाला तो पहिला आणि ज्याच्या घरी नुसतीच तंगी आहे तो शेवटचा, असलं काहीतरी अघोरी होतं. 'आम्ही गरीब आहोत' एवढंच असेल तर शून्य. ते तर तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरही आहे. काय घडलं ते कळलं तर दोन. त्याचा शिक्षणावर काय परिणाम झाला आणि अर्जदारानं त्यावर काय केलं, हे दोन्ही कळलं तर चार. ध्येयात मोठेपणा मोजत नाही, पुढची पायरी माहीत आहे का ते बघतो. 'समाजसेवा करायची आहे' याला एक. कोणता अभ्यासक्रम, किती वर्षांचा, त्यानंतर काय, हे असेल तर तीन-चार.

पुराव्याचं दुखणं वेगळं. प्रमाणपत्रं मागितली की सुस्थितीतली मुलं फाईल घेऊन येतात. आजीची कूस बदलल्याचं प्रमाणपत्र कोण देणार? म्हणून गुणपत्रिकेतला चढउतार, हजेरी, वर्गशिक्षकांची एक ओळ, दुकानदाराचा फोन, काहीही चालतं. मात्र निबंधातली गोष्ट दुसरीकडे कुठेतरी दिसली पाहिजे. आणि अंगावर आलेली जबाबदारी शाळेबाहेरच्या स्पर्धेइतकीच मोलाची धरायची.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेले. अशुद्ध ते अस्सल वाटायला लागलं आणि सफाईदार मुलावर उगाच संशय. काकांनीच कान उपटले. साचा ओळखायचा असेल तर तो गठ्ठ्यात शोधायचा, एका निबंधात नाही. एका वर्षी तीन अर्ज 'माझे बाबा म्हणजे न बोलणारा वटवृक्ष' असे सुरू झाले. तिघे एकाच क्लासचे, वटवृक्ष सरांचा. पण त्यातल्या एकीच्या कच्च्या कागदावर वटवृक्ष वगळूनही नऊ ओळी उरल्या. तिला गुण मिळाले.

आणखी एक सोय केली. एक अर्ज पूर्ण वाचून तीनही गुण देत नाही. सगळ्या कागदांवर आधी परिस्थितीचे, मग सगळ्यांवर ध्येयाचे, असं जातो. नाहीतर पहिल्या रकान्यात चार पडले की पुढचे दोनही चारकडे सरकतात. शेवटी पहिले पाच कागद परत तपासते, कारण सकाळी मी कडक असते आणि जेवणानंतर उदार. दोघांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी न काढता कागद समोरासमोर ठेवतो.

त्या पहिल्या मुलाचं काय, हेही तुम्ही विचाराल. त्याला फोन केला. मेडिकलमध्ये काय करायचास? तर म्हणाला, मुदत संपत आलेल्या गोळ्या दर शनिवारी वेगळ्या काढायचो, कंपनीला परत पाठवायची यादी माझ्याकडे होती. अरे, मग हे लिहिलं का नाहीस? "ते काय लिहायचं मॅडम, ते तर काम होतं." दुकानदारानं दुजोरा दिला. बारातले त्याचे सात झाले. चांगलं लिहायला त्याला आमच्यासारख्यांनीच शिकवलं होतं.

मुलीचे अकरा झाले. भेटीला आली तेव्हा ते कॅलेंडर घेऊन आली, न सांगता. प्रत्येक चौकटीत बारीक रेघा, पाच-पाचच्या जुड्या. काकांनी चष्मा वर करून पानं चाळली आणि बँकेतल्यासारखं एका तारखेवर बोट ठेवलं. तिथे चारच रेघा होत्या.

"त्या रात्री मला झोप लागली," ती म्हणाली.