१६ पैकी ११

पुण्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या १६ मुलाखतींचं विश्लेषण केलं. बायका पर्वती पायथा आणि वारजे भागातल्या वस्त्यांमधल्या, कामं बहुतेक कोथरूड आणि सिंहगड रोडच्या सोसायट्यांमधली. विषय सुट्टी आणि पगार. मुलाखती संस्थेतल्या दोघींनी घेतल्या होत्या, माझ्याकडे आल्या त्या टाइप केलेल्या फाइली. सोबत मॅडमचा निरोप: "बायका म्हणतात, बायका म्हणतात असं मोघम लिहू नका. किती जणी म्हणतात ते लिहा."

मागणी रास्त होती. 'अनेकींनी सांगितलं' या शब्दाआड दोघीही लपतात आणि चौदाही. आणि मोजायला बसलं नाही तर जी बाई सगळ्यांत रंगवून बोलली तिचंच म्हणणं सगळ्यांचं वाटायला लागतं. म्हणून मोजायचं हे ठरलं. खरी कटकट होती कशाला एक धरायचं आणि कितीपैकी म्हणायचं याची. ती इथे एकाच मुद्द्यावर दाखवते: खाडा. कामाला न गेलेल्या दिवसाचे पैसे पगारातून कापले जाणं.

सगळ्या फाइलींमध्ये शब्द शोधून बघणं ही पहिली सोपी वाट. 'खाडा' शोधला तर 'खाडे' आणि 'खाड्याचे' सुटतात, म्हणून 'खाड' एवढंच शोधलं. मग 'खाडकन उठले' हेही त्यात आलं, ते हातानं काढलं. उरलेल्या ९ मुलाखतींत हा शब्द होता. पण एका बाईनंच तो इतक्या वेळा उच्चारला होता की एकूण उल्लेखांचा मोठा वाटा तिचाच. त्यामुळे उल्लेख मोजायचे नाहीत, माणसं मोजायची, हे पहिल्या दिवशीच पक्कं केलं. बाईनं एकदा सांगितलं काय आणि वीसदा सांगितलं काय, ती एकच.

नवांपैकी दोन मुलाखतींत तो शब्द फक्त विचारणाऱ्या ताईच्या तोंडी होता. "तुमचा खाडा कापतात का?" यावर एकजण म्हणाली, "नाही, आमच्या भाभी तशा नाहीत." दुसरीच्या घरी तेवढ्यात पाणी आलं आणि विषय तिथेच राहिला. शब्द सापडला म्हणून या दोघी यादीत येत नाहीत. उरल्या सात.

उलट सहा मुलाखतींत 'खाडा' हा शब्दच नव्हता, पण गोष्ट तीच होती: "तेवढे दिवस धरत नाहीत", "पगारातून वजा करून दिले", "गावाला गेले की कापतातच". या संगणकाच्या शोधात येणाऱ्या नव्हत्या, वाचूनच सापडल्या. मात्र त्यातल्या दोघी स्वतःबद्दल बोलत नव्हत्या. एक म्हणाली, "माझ्या बहिणीचे कापतात, माझे नाही." दुसरीनं शेजारणीचं सांगितलं आणि स्वतःचं काहीच नाही. मी नियम असा लिहून ठेवला की स्वतःवर आलेलं तेवढंच धरायचं, ऐकीव गोष्टीची नोंद वेगळी. म्हणजे या सहांतल्या चौघी, आधीच्या सात, एकूण ११.

एका मुलाखतीत बाईची जाऊही शेजारी बसून मधूनमधून बोलत होती. तिचं म्हणणं मोलाचं होतं, पण तिला पहिल्यापासून सगळे प्रश्न विचारलेले नव्हते. तिला सतरावी धरली नाही, तिचं बोलणं टिपेत ठेवलं.

हे सगळं एका साध्या तक्त्यात बसवलं. एका ओळीत एक बाई, एका रकान्यात एक मुद्दा. बहुतेक लोक इथे १ आणि ० भरतात. मला ते शून्य खुपतं, कारण 'विचारलं आणि नाही म्हणाली' आणि 'विषय निघालाच नाही' या दोन्ही गोष्टी त्यात गडप होतात. म्हणून मी अक्षरं भरली: आपणहून सांगितलं तर 'आ', विचारल्यावर सांगितलं तर 'वि', नाही म्हणाली तर 'ना', फक्त दुसऱ्याचं सांगितलं तर 'ऐ'. विषयच निघाला नसेल किंवा अर्धवट राहिला असेल तर घर कोरं. मग मोजणी अशी:

```
=COUNTIF(D2:D17,"आ")
=COUNTIF(D2:D17,"वि")
=COUNTIF(D2:D17,"ना")
=COUNTIF(D2:D17,"ऐ")
=COUNTBLANK(D2:D17)
```

खाड्याच्या रकान्यात आलं: आ ४, वि ७, ना २, ऐ १, कोरी घरं २. बेरीज १६. ही बेरीज दर रकान्याला जुळवून बघायची. मुलाखतींची संख्या आली नाही तर कुठेतरी वेगळंच अक्षर पडलंय, किंवा 'आ'नंतर एखादी स्पेस चिकटलीय.

आता कितीपैकी? १६ पैकी ११ म्हणावं, तर त्या १६ मध्ये ज्यांच्याशी हा विषयच पुरता झाला नाही त्याही आल्या. ज्यांनी स्वतःबद्दल होय किंवा नाही असं स्पष्ट सांगितलं त्या १३, म्हणून १३ पैकी ११ म्हणावं, तर आकडा एकदम भारदस्त दिसतो. पण पहिल्या ५ मुलाखतींत खाड्याचा थेट प्रश्न प्रश्नावलीत नव्हताच. त्या बायकांचं बोलणं ऐकूनच तो नंतर घातला गेला. अशा मुलाखतींत असं होतंच, व्हायलाही हवं. फक्त त्यामुळे पहिल्या पाचांतल्या गप्प राहिलेल्या बाईचं मौन आणि नंतरच्या अकरांतल्या बाईचं 'नाही' एका मापानं मोजता येत नाही. पहिल्या पाचांत स्वतःचा खाडा सांगणाऱ्या २, पुढच्या अकरांत ९. हा फरक बायकांमधला कमी आणि प्रश्नावलीतला जास्त आहे. शेवटी मी १६ पैकी ११ हेच ठेवलं, आणि त्याच वाक्यात किती आपणहून, किती विचारल्यावर, हे घातलं.

मॅडमनी कच्चा मसुदा वाचून स्लाइडसाठी वाक्य पाठवलं: 'पुण्यातील ६९ टक्के घरकामगार महिलांचा खाडा कापला जातो.' भागाकार बरोबर आहे, वाक्य नाही. फोनवर बराच वेळ बोललो. "टक्के म्हणजे तेच ना हो? शाळेत तेच शिकवतात." मी त्यांना सांगितलं की या १६ जणी सबंध पुण्यातून चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या, तरीसुद्धा खरा आकडा साधारण ४४ ते ८६ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकला असता. म्हणजे निम्म्यापेक्षा कमी बायकांचा कापतात की जवळजवळ सगळ्यांचा, हेही या आकड्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि आपण चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, त्यामुळे हा ४४ ते ८६ चा पट्टासुद्धा आपल्याला लागू करता येत नाही.

मग त्यांनी शितावरून भाताची परीक्षा काढली. पण पातेल्यातला भात एकाच आधणात शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरतं. आमची शितं कुठल्या पातेल्यातली, ते मी तक्त्यात आणखी दोन रकाने घालून पाहिलं: बाई कुणाच्या ओळखीनं आली, आणि मुख्य काम कुठल्या सोसायटीत. १६ पैकी ७ जणी एकाच बाईनं आणलेल्या होत्या. त्यातल्या ६ एकाच सोसायटीत कामाला. या सहांपैकी पाचजणींचा खाडा कापला जात होता, आणि तिघींच्या बोलण्यात आलं की तिथल्या घरमालकिणींनी आपसात ठरवून दर दिवसाचा एकच भाव लावलाय. म्हणजे एका सोसायटीतलं एक ठरवणं माझ्या ११ मध्ये पाच वेळा मोजलं गेलं होतं. ते बाजूला काढलं तर बाकीच्या १० जणींत ६. मुद्दा खोटा पडत नाही, पण अकराचं वजन कमी होतं. मला विचाराल तर हा ओळखीचा रकाना कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगून जातो, आणि तो भरायला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही.

सगळे मुद्दे इतके सरळ नव्हते. वेगळ्या कपाचा मुद्दा अवघड गेला. चार मुलाखती मी आणि एका सहकारी मैत्रिणीनं एकमेकींचं न बघता भरल्या होत्या, त्यात खाड्यावर आमचं जुळलं आणि कपावर फिस्कटलं. "माझा कप मी गॅलरीत ठेवते" यावर तिनं 'आ' घातलं, मी घर कोरं सोडलं होतं. बाईनं तक्रार केलेली नाही, तिला कुणी तसं सांगितलं असंही ती म्हणत नाही. शेवटी व्याख्या बदलली: 'भेदभाव वाटला' असं न धरता 'खाण्यापिण्याची भांडी वेगळी आहेत' एवढंच धरायचं. त्या व्याख्येनं सगळ्या १६ पुन्हा वाचल्या. शिवाय असल्या गोष्टी पहिल्याच भेटीत, फोन रेकॉर्ड करत असताना, कोण सांगेल? इथे जो आकडा येतो तो सांगणाऱ्यांचा असतो. ज्यांच्यावर ते आलं त्यांचा नाही. अहवालात क्रियापद त्याप्रमाणे ठेवलं: 'सांगितलं'.

दोन टोकं राहिली, शून्य आणि एक. २००८ च्या कायद्यातल्या घरेलू कामगार कल्याण मंडळाचं नाव एकीनंही घेतलं नाही. 'एकाही महिलेला मंडळाची माहिती नाही' असं वाक्य मसुद्यात कुणीतरी लिहिलं होतं, ते खोडलं. प्रश्न विचारलाच नव्हता, रकाना अथपासून इतिपर्यंत कोरा. आणि विचारला असता तरी १६ जणींतलं शून्य फार काही बोलत नाही. दर २० बायकांत एकीला मंडळ माहीत असेल आणि आपण चिठ्ठ्या टाकून १६ जणी निवडल्या, तरी त्यात एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते.

आणि एक. एकाच बाईनं सांगितलं की सोसायटीच्या गेटवरच्या अ‍ॅपमध्ये तिला कुणीतरी कमी स्टार दिले आणि नवं काम मिळेना. मॅडम म्हणाल्या, "एकच आहे, काढून टाका." हे मात्र मी ठेवलं. हे किती जणींच्या वाट्याला येतं, ते ही मुलाखत सांगत नाही. कसं घडतं ते ती पायरीपायरीनं सांगते: कुणी स्टार दिले, तिला ते कुणाकडून कळलं, मग कुठल्या घरानं नको म्हटलं. त्यासाठी एक पुरते, फक्त 'एका महिलेनं' असं स्पष्ट लिहून.

अहवालात शेवटी छापलं गेलं ते असं: 'मुलाखत घेतलेल्या १६ पैकी ११ जणींनी स्वतःचा खाडा कापला जातो असं सांगितलं, ४ जणींनी आपणहून आणि ७ जणींनी विचारल्यावर. दोघींनी कापला जात नाही असं सांगितलं. पहिल्या ५ मुलाखतींत हा प्रश्न नव्हता. ११ पैकी ५ जणी एकाच सोसायटीत काम करतात. निवड ओळखीतून झालेली असल्यानं हे प्रमाण शहराला लागू करता येणार नाही.' स्लाइडवर गोल तक्त्याऐवजी १६ ठिपके काढले, ११ भरीव. सोसायटीचे पाच ठिपके वेगळ्या रंगात ठेवायचं मॅडमनीच सुचवलं. देणगीदारांपैकी कुणीतरी पहिला प्रश्न त्या रंगाबद्दलच विचारला, आणि पुढची दहा मिनिटं बोलणं त्या घरमालकिणींनी ठरवलेल्या भावावर चाललं.