पट्टी गडद होती, माणसं झोपली होती

"ताई, यूट्यूबवर व्हिडिओ कुठल्या दिवशी, किती वाजता टाकायचा हे कसं ठरवता? स्टुडिओच्या तक्त्यात पट्टी गडद दिसेल तिथेच टाकायचा ना?"

नाही. निदान तेवढ्यावरून तरी नाही. माझा सूर चढलेला वाटला तर वाटू द्या. याच जांभळ्या पट्ट्यांवरून माझ्यासोबत चॅनेल उभं करणारा मित्र बाजूला झाला.

यूट्यूब स्टुडिओत चॅनेलचे आकडे दिसतात, तिथल्या त्या तक्त्याचं नावच When your viewers are on YouTube असं आहे. गेल्या 28 दिवसांत तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी होते, एवढंच तो सांगतो, ज्या तासाला जास्त त्या तासाची पट्टी गडद. त्या तासाला ते तुमचंच काही बघत होते असं नाही. कुणी गाणी लावली असतील, कुणी बातम्या. वेळ तुमच्या घड्याळाची असते आणि रंग गडद म्हणजे नेमकी किती माणसं, याचा आकडा कुठेच नसतो. मोठ्या चॅनेलला हे चालून जातं. आपल्यासारख्यांच्या तक्त्यात मात्र एकच व्हिडिओ अख्खा महिना रंगवून टाकू शकतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. आम्ही सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ करतो. संध्याकाळी 8 ते 10 पट्ट्या गडद, म्हणून शुक्रवारी 8 ला टाकायचो. मग वाकडं चाक सरळ करण्याचा एक व्हिडिओ केला. त्यात बोलणं नव्हतं. फक्त हात, स्पोकची चावी आणि फिरणारी रिम. भाषेची अडचण नसल्यामुळे तो शिफारशींतून दूरदेशी पोचला. पुढच्या काही आठवड्यांत तक्त्यातला गडद रंग सरकत सरकत पहाटे 2 ते 5 वर जाऊन बसला.

मित्र म्हणाला, "आता 2 ला टाकू. माणसं तिथे आहेत." मी प्रेक्षकांचा भूगोल उघडला, नवे आणि परतणारे प्रेक्षक वेगळे करून बघितले. पहाटेची गर्दी जवळजवळ सगळी नव्यांची होती, एकदा येऊन गेलेल्यांची. परतणारे मात्र होते तिथेच होते. मी हे दाखवलं, तो मानेना. तुला जुन्यांचाच लळा आहे, म्हणाला. शेवटी एक महिना 2 ला टाकायचं ठरलं. शेड्यूल लावून झोपता आलं असतं, पण पहिल्या तासात उत्तरं द्यायला तो जागा राहायचा.

आधी पहिल्या 24 तासांत साधारण 400 व्यूज यायचे, त्यातले 90 च्या आसपास नोटिफिकेशनमधून. 2 च्या व्हिडिओंना नोटिफिकेशनवरून 35 सुद्धा धड येईनात. साहजिक आहे. सूचना रात्री वाजली आणि सकाळी फोन हातात घेईपर्यंत तिच्यावर दहा सूचना चढल्या. बोलून समजावलेले ते व्हिडिओ नव्या प्रेक्षकांच्या कामाचेही नव्हते. पुढे चाकाचा व्हिडिओ 28 दिवसांच्या चौकटीतून बाहेर सरकला आणि पट्ट्या परत संध्याकाळवर आल्या.

तक्ता समोर ठेवून मी त्याला म्हणाले, "बघ." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सात दिवसांचे आकडे काढ." काढले. 8 ला टाकलेले आणि 2 ला टाकलेले, सातव्या दिवशी जवळपास सारखे. दोघांनाही आपलंच खरं वाटलं. त्यानंतर तो आला नाही.

यूट्यूबच्या मदत पानावरही हेच लिहिलंय, की प्रकाशनाच्या वेळेचा व्हिडिओच्या दीर्घकाळच्या कामगिरीवर थेट परिणाम होतो असं आढळलेलं नाही. ब्रेक आवळण्याचा व्हिडिओ लोक ब्रेक ढिला झाला की शोधतात, मी तो कधी टाकला याच्याशी त्यांना काय करायचंय? मग मी तेव्हा वेळेसाठी एवढी का भांडले? कारण शुक्रवारी संध्याकाळी तीच ती माणसं येतात, गेल्या आठवड्यात सांगितलेलं करून बघितल्याचं लिहितात, नवा प्रश्न टाकतात. पुढचा व्हिडिओ त्यातून सुचतो. सात दिवसांच्या बेरजेत हे दिसत नाही.

तुम्हाला तपासायचंच असेल तर एकाच प्रकारचे व्हिडिओ आलटून पालटून दोन वेळांना टाका आणि पहिले 24 तास व सात दिवस वेगवेगळे बघा. विषय बदलला तर तुलना संपली. त्याआधी भूगोल उघडा. रंग कुठल्या एका व्हिडिओने आणलाय का, हे तिथे कळतं. लाइव्ह करणार असाल तर मात्र पट्ट्या जरूर बघा, तिथे माणसं त्याच क्षणी हजर लागतात.

मी शुक्रवारी 8 लाच टाकते. नव्यांसाठी बिनबोलाचे व्हिडिओ सलग करून मग 2 ची वेळ धरली असती तर काय झालं असतं, हा मित्राचा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्या तक्त्यात नाही, कारण ते आम्ही करूनच बघितलं नाही.