चोरलेला काळ आणि आजोबांचा ठेका

गंगापूर रोडवरच्या माझ्या पियानोच्या क्लासमध्ये गेल्या आठवड्यात एक नववीतली मुलगी परीक्षेचा तुकडा वाजवत होती. तिला सोडायला आलेले आजोबा कोपऱ्यात बसले होते. ते भजनी मंडळात तबला वाजवतात.

तुकड्यावर सुरुवातीला 'अलेग्रो' छापलं होतं आणि मधल्या आठ बारांवर 'रुबातो'. पोरीने पेन्सिलने एकावर 'फास्ट' आणि दुसऱ्यावर 'स्लो' लिहून ठेवलं होतं. आम्ही मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, मिनिटाला 132 बीटवर ठरवला होता. चार-चार बीटचे आठ बार म्हणजे 32 बीट, साडेचौदा सेकंदांचं काम. तिने घेतले बावीस! दोन्ही हात बैलगाडीसारखे चालले आणि पुढचा भाग एकदम धाडकन सुरू झाला.

मी काही बोलायच्या आत आजोबा म्हणाले, "अगं, ठेका कशाला सोडलास?"

नेमकं हेच. रुबातो म्हणजे इटालियनमध्ये 'चोरलेला', म्हणजे चोरलेला काळ. एका सुराला जास्त वेळ दिला की तो पुढच्या सुरांकडून घ्यायचा. पियानोसाठी लिहिणारा संगीतकार शोपँ, त्याच्या शिष्यांनी त्याची शिकवण नोंदवून ठेवली आहे, की डावा हात हा संगीत-संचालक, त्याने लय धरायची, रेंगाळायचं ते उजव्याने. गवय्या सुराला ओढतो, ठेका हलत नाही आणि दोघं समेवर भेटतात, तसंच.

मग तिला डावा हात एकटाच मेट्रोनोमवर वाजवायला लावला. चाळीसेक वेळा, वैतागेपर्यंत. त्यानंतर उजव्या हाताने प्रत्येक बारात दुसऱ्या बीटवरचा सूर किंचित लांबवायचा आणि शेवटचे दोन सूर आवरते घ्यायचे. पहिल्या बीटवर दोन्ही हात एकत्र पडले की चोरी फिटली. पडले नाहीत, तर उधारी राहिली. घड्याळ लावून पाहिलं तर पंधरा सेकंद.

हा रुबातोचा एकच प्रकार, हेही तिला सांगितलं. पुढच्या काळातल्या बऱ्याच रचनांमध्ये दोन्ही हात मिळून लय वाकवतात. तिथे मेट्रोनोम बंद करावा लागतो, हिशेबही तंतोतंत जुळत नाही. पुढे 'आ टेम्पो' लिहिलं असेल, तर तिथून मूळ लयीत परतायचं.

राहिला अलेग्रो. या शब्दाचा साधा अर्थ 'आनंदी'. बेथोव्हननेच तक्रार केली होती, की तुकड्याचा भाव कधीकधी या शब्दाच्या अगदी उलट असतो. म्हणून मी आकड्याआधी सर्वांत लहान सूर बघते. 132 ला एका बीटमध्ये चार सूर असले, तर सेकंदाला जवळपास नऊ पडतात. तेवढे स्वच्छ वाजत नसतील तर 112 वर या. तिला ते पटलं नाही, कारण मैत्रीण 140 ला वाजवते म्हणे.

आजोबा मात्र बोटांनी मांडीवर केरवा धरून बसले होते.