आकृती गायब, उत्तर हजर: अंकमालिका आणि सांकेतिक भाषेचा माझा अनुभव

सरळसेवेच्या तयारीत असताना आमच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बुद्धिमत्ता चाचणीचा एक झेरॉक्स संच फिरत होता. मागे उत्तरं, तीही स्पष्टीकरणासह. पण स्पष्टीकरण कसलं, तर "मालिकेतील संबंध खालीलप्रमाणे आहे", त्याखाली कोरी जागा, आणि मग थेट "योग्य पर्याय (2)". कुणीतरी मजकूर उचलला आणि आकृत्या तिथंच राहिल्या. नातेसंबंध, दिशा यांत पायऱ्या शब्दांत होत्या, म्हणून निभावलं. अंकमालिका आणि सांकेतिक भाषेत मात्र बाणांची आकृती हेच सगळं स्पष्टीकरण असतं.

शेजारी बसणारे एक सीनियर दादा म्हणाले, "आकृती न्हाई तर न्हाई, उत्तर हाय की. तिथनं मागं ये."

मग कोऱ्या जागेत पेन्सिलीनं आकृती मीच काढायला लागले. आधी प्रश्नचिन्हाच्या जागी उत्तर लिहायचं, मग लगतच्या संख्यांमधले फरक त्याखाली मांडायचे. 5, 7, 10, 15, ? ही मालिका घ्या. फरक 2, 3, 5. संचातलं उत्तर 22, म्हणजे शेवटचा फरक 7. 2, 3, 5, 7 या मूळ संख्या, आकृती तयार.

पण त्याच प्रश्नाच्या पर्यायांत 23 आणि 24 सुद्धा होते, आणि खरी गंमत तिथं आहे. 2 आणि 3 मिळून 5, मग 3 आणि 5 मिळून 8, असं धरलं तर उत्तर 23. फरकांमधले फरक 1 आणि 2, पुढचा 4 धरला तर शेवटचा फरक 9 आणि उत्तर 24. तिन्ही नियम साधे, तिन्ही दिलेल्या संख्यांना चपखल बसणारे. अशा आखूड मालिकेत पेपर काढणाऱ्याच्या मनातला नियम फक्त उत्तरावरूनच कळतो. आणि उत्तरतालिका चुकली असेल तर ते आपल्याला कळणारही नाही, कारण चुकीच्या उत्तरालाही एखादा नियम सापडतो. म्हणून चारच संख्या असलेल्या प्रश्नांवर मी फार डोकं फोडलं नाही.

लांब मालिका जास्त शिकवतात. 4, 9, 20, 43, 90, ? चं उत्तर 185 होतं. फरक 5, 11, 23, 47, 95, म्हणजे प्रत्येक वेळी दुप्पट अधिक 1. दादांनी हीच मालिका वेगळी सोडवली: दुप्पट करून आधी 1, मग 2, मग 3 मिळवत जायचं. 90 ची दुप्पट 180, अधिक 5, पुन्हा 185. मूळ आकृतीत यातलं कुठलं होतं याची मग फिकीर उरली नाही.

सांकेतिक भाषेत फरकांनी भागत नाही, कारण अक्षरं जागाही बदलतात. GARDEN चं SBHOFE, तर MOTHER चं काय? उत्तर UPNSFI, मध्ये कोरी जागा. इथं मला बेरीज उपयोगी पडली. A=1 ते Z=26 धरून GARDEN ची बेरीज 49, SBHOFE ची 55. फरक 6, अक्षरं 6. म्हणजे जागा कशाही बदलल्या असोत, बहुधा प्रत्येक अक्षर एकानं पुढं गेलंय. संकेतातलं प्रत्येक अक्षर एकानं मागं घेतलं की RAGNED मिळतं, आणि मग दिसतंच की GAR उलटं, DEN उलटं. MOTHER चं TOM, REH, एकानं पुढं नेऊन UPN, SFI. उत्तर जुळलं.

विरुद्ध अक्षरांच्या प्रश्नातही बेरीज चालते. A-Z, B-Y अशा प्रत्येक जोडीची बेरीज 27, म्हणून सहा अक्षरी शब्द आणि त्याचा संकेत मिळून 162 झाले तर आधी तीच शंका घ्यायची. फरक 21 आला तर +1, +2 पासून +6 पर्यंत चढतं पाऊल तपासायचं, कारण त्यांची बेरीज 21 होते.

दोन ठिकाणी ही युक्ती फसवते. Z च्या पुढं A येतो तेव्हा बेरीज 26 नं खाली घसरते. फरक विचित्र, त्यातून उणे आला, तर त्यात 26 मिळवून बघायचं. दुसरं म्हणजे एक अक्षर पुढं, एक मागं असा नियम असेल तर फरक शून्य येतो आणि नुसती अदलाबदल झाल्यासारखं वाटतं. तेव्हा संकेतात मूळ शब्दाचीच अक्षरं आहेत का ते पाहायचं. नसतील, तर +1, −1 लावून बघायचं.